उजव्या कुशीवर वळताना

बुधवार, रात्री साडेनऊ

मागच्या खेपेला फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. "चक्कर येते, अशक्तपणा वाटतो, बीपी असेल," एवढंच बोलले. त्यांनी बीपी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या. जिना उतरताना आठवलं, की हे फक्त अंथरुणात कूस बदलताना होतं. पण तोवर पुढचा पेशंट आत गेला होता.

वन्सं नर्स होत्या. फोनवर म्हणाल्या, "वहिनी, रोगाचं नाव लिहू नका. जे होतंय तेवढंच लिहा. आणि 'चक्कर' हा शब्द तर नकोच, त्यात दोन गोष्टी येतात. डोळ्यांपुढं अंधारी येते, का खोली फिरते?"

खोली फिरते. हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

मग तीन दिवस लक्ष ठेवलं. मला वाटायचं, पाच मिनिटं तरी गरगरतंय. ह्यांनी घड्याळ लावून बघितलं तर पंचवीस सेकंद. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: उजव्या कुशीवर वळलं किंवा फडताळातला वरचा डबा काढायला मान वर केली, की खोली फिरते. अर्ध्या मिनिटाच्या आत थांबतं. डाव्या कुशीवर नाही. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही. बारा दिवस झाले. खाली बीपीच्या गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे ते. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात माझा प्रश्न: बीपीची गोळी बदलायची का? तो खाली राहिला असता तर विचारायचाच राहिला असता. पाठदुखी खोडली, ती पुढच्या वेळी.

वन्संनी एक बजावलं होतं. बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, एकाचे दोन दिसले किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर कागद करत बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं.

आज राजारामपुरीत कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेले. पुन्हा जीभ आखडली, म्हणून कागदच पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागं आडवं केलं. खोली फिरली, आणि ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. बुबुळं उडतात म्हणे तेव्हा. आतल्या कानातले बारीक खडे जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत गेलेत, म्हणाले. तिथंच हळूहळू मान वळवत, कुशीवर घेत, ते खडे परत जागेवर सरकवले. बीपीची गोळी आहे तीच चालू ठेवायची. हे एका खेपेत नाही गेलं तर परत करावं लागतं, म्हणून आठवड्यानं बोलावलंय.

पानाच्या तळाशी आजची तारीख टाकलीय. आता दिवा मालवून उजवीकडे वळून बघते. ह्यांच्या हातात घड्याळ आहे.