वहीतला पाचचा आकडा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून एका निवृत्त गणित शिक्षकांचा फोन आला. दहा महिन्यांपूर्वी त्यांच्या गच्चीवर सोलर मीच बसवलं होतं. "तुम्ही पाच किलोवॅटचं सोलर दिलंत ना? मग भर दुपारी साडेतीनच्या वर काटा का जात नाही? एक माणूस सांगून गेलाय, इन्व्हर्टर कमी पडतोय, सहाचा लावा. येऊन बघा."

अशा तक्रारी नेहमी येतात. पण सरांकडे वही होती, आणि तिच्यामुळे तो दिवस लक्षात राहिला. रोज दुपारी इन्व्हर्टरवरचा आकडा ते लिहून ठेवत. मार्च-एप्रिलची पानं 3.5, 3.6, 3.7 अशा आकड्यांनी भरली होती. त्यांनी मागचं एक पान उघडून बोट ठेवलं: 14 जुलै, 12.40, आकडा 5.00. "ऐन पावसाळ्यात पाच दिले आणि आता रणरणत्या उन्हात साडेतीन. म्हणजे नवं होतं तेव्हा चालत होतं, आता बिघडलंय. याला तुमचं उत्तर काय?"

प्रश्न चोख होता. इन्व्हर्टर बघण्याआधी मी सरांना वर नेलं आणि पॅनलच्या मागचं लेबल दाखवलं. 545 वॅट पीक. असे नऊ पॅनल, म्हणजे 4.905 किलोवॅट पीक. खाली भिंतीवर इन्व्हर्टर 5 किलोवॅटचा. मी कोटेशनमध्ये या दोन्हींना मिळून 'पाच किलोवॅट सिस्टीम' असं एकच नाव दिलं होतं. ती चूक माझी होती आणि सरांना मी तसं सांगितलं. कारण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत.

लेबलवरचे 545 वॅट कारखान्यातल्या चाचणीतले आहेत. तिथे पॅनलवर दिव्याचा एक झोत काही मिलिसेकंद पाडतात. झोताची तीव्रता दर चौरस मीटरला 1000 वॅट आणि पॅनलच्या आतल्या सेलचं तापमान 25 अंश. झोत इतका क्षणिक असतो की पॅनलला तापायला वेळच मिळत नाही. त्या क्षणी जेवढी वीज निघते तेवढी लेबलवर छापतात. जगभर सगळे पॅनल याच अटींवर मोजतात, म्हणून एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. त्या आकड्याचा मुख्य उपयोग तोच. इन्व्हर्टरवरचा 5 मात्र वरची मर्यादा सांगतो: मागून कितीही आलं तरी घराकडे आणि लाइनकडे मी पाचच्या वर सोडणार नाही. तो वीज तयार करत नाही, त्यामुळे तो मोठा लावून वीज वाढत नाही. टाकीला बारीक धार येत असेल तर खालचा नळ मोठा लावून काय होणार?

सरांना शब्दांपेक्षा आकडे पटतात, म्हणून तिथेच मोजायला घेतलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, हवेत 39 अंश. ऊन मोजायचं छोटं यंत्र पॅनलच्याच कलाने धरलं, तर 930 वॅट आले. आकाश निळं दिसत असलं तरी उन्हाळ्यात हवेत धुरळा असतो, पुरे हजार क्वचितच मिळतात. मग तापमानाचं पिस्तूल पॅनलच्या पाठीवर धरलं. 63 अंश. सरांनी काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आतला सेल पाठीपेक्षा दोन-तीन अंश जास्त तापलेला असतो, म्हणून 65 धरले.

वहीच्या मागच्या पानावर सरांनी स्वतःच गणित मांडलं. 4905 वॅटचे 93 टक्के, म्हणजे 4562. या पॅनलच्या माहितीपत्रकात लिहिलंय की 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला 0.35 टक्के वीज घटते. चाळीस अंश जास्त, म्हणजे 14 टक्के गेले. उरले 3923. तिथे सर थांबले. "म्हणजे ऊन वाढलं की वीज वाढते, पण उन्हानं तापलं की कमी होते?" अगदी तसंच. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण ऊन आणि उष्णता आपल्या मनात एकच असतात. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो.

काचेवर बोट फिरवलं तर पिवळसर रेघ उमटली. शेजारी बांधकाम चालू होतं. धुळीचे अंदाजे चार टक्के धरले, वायरी आणि पॅनलमधला बारीकसारीक फरक यांचे दोन. राहिले 3690 च्या आसपास. खाली येऊन इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला मीटर लावला: 328 व्होल्ट, 11.2 अँपिअर. गुणाकार 3674. डीसीचं एसी करताना इन्व्हर्टर स्वतः अडीच टक्के खातो. स्क्रीनवर आकडा होता 3.58. सरांच्या गणितात आला होता 3.60.

तरी 14 जुलैचं काय? मोबाइलवर त्या दिवसाचा आलेख उघडला. करवतीसारखा खालीवर, कधी 0.9 तर कधी 4.5, आणि 12.40 च्या सुमारास काही मिनिटं माथा सपाट कापलेला. पावसानं काच धुतलेली, पॅनल गार, आणि सूर्य ढगाच्या कडेतून बाहेर आलेला. अशा वेळी सरळ ऊन तर पडतंच, शिवाय शेजारच्या पांढऱ्या ढगांवरून परतलेला उजेडही पॅनलवर येतो आणि तीव्रता थोडा वेळ हजाराच्या वर जाते. ती 1150 आणि सेल 40 अंश धरले, तर सगळं वजा जाऊनही 5.1 निघतात. इन्व्हर्टरनं पाचावर कापले. वहीतला 5.00 हा पॅनलचा आकडा नव्हताच, इन्व्हर्टरच्या मर्यादेचा होता.

मग मी त्या दिवसाचे एकूण युनिट काढले: 12.4. आदल्या दिवशीचे, म्हणजे एप्रिलमधल्या 3.6 वाल्या दिवसाचे: 22.1. सर बराच वेळ दोन्ही आलेख आलटून पालटून बघत राहिले. एप्रिलचा आलेख सकाळी सातला उठून संध्याकाळी उतरणारी गुळगुळीत टेकडी होता. खरा बिघाड असता तर ती टेकडी मध्येच तुटली असती, किंवा पाचाच्या बरीच खाली सपाट झाली असती. लाइनचा व्होल्टेज फार चढला किंवा इन्व्हर्टर स्वतः तापला की तसं होतं. इथे व्होल्टेज 238 होता आणि इन्व्हर्टर सावलीत.

"मग सहाचा इन्व्हर्टर?"

"नको सर. आहे त्याचाच माथा वर्षातून काही मिनिटं लागतो. वाढवायचेच तर दोन पॅनल वाढवा, हा इन्व्हर्टर ते पेलतो. सकाळ-संध्याकाळचे युनिट वाढतील. पण वीज कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागेल, आणि टाकीची सावली कुठवर येते ते डिसेंबरात बघून मग ठरवू."

पॅनल धुवायला मी दुसऱ्या दिवशीची पहाट सांगितली. तापल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारायचं नसतं. दुपारी साडेबाराला सरांचा फोन आला. आकडा 3.73. "धुळीचे तुम्ही चार टक्के धरले होते," ते म्हणाले, "माझ्या हिशेबानंही चारच निघतात." कोटेशनवर मी आता दोन ओळी वेगळ्या लिहितो: पॅनल किती किलोवॅट पीक, इन्व्हर्टर किती किलोवॅट. आणि खाली तिसरी, एप्रिलच्या दुपारी स्क्रीनवर साधारण किती दिसेल.