अर्धा तास तरी ये!

ऑफिसच्या पार्टीचं आमंत्रण आलं की खाली ठळक अक्षरांत ‘उपस्थिती अनिवार्य’ असतं आणि सोबत एक फॉर्म. व्हेज की नॉनव्हेज, एवढंच त्यात विचारलेलं. ‘येणार नाही’ हा पर्यायच नाही. यंदा टार्गेट पूर्ण झाल्याचा जल्लोष होता: शुक्रवारी संध्याकाळी साडेसात, पवईतलं हॉटेल.

माझी संध्याकाळ मात्र बाबांच्या गोळीभोवती फिरते. त्यांना पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, कारण डाळ-दुधातली प्रथिनं पोटात गेली की गोळी अंगी लागायला अडथळा करतात. वेळ टळली की बाबांचे पाय फरशीला खिळतात. बाथरूमच्या दारात तर हमखास. अशा वेळी हात धरून ओढायचं नसतं, ओढलं की ते पडतात. दोन क्षण थांबायचं, फरशीवरची रेघ दाखवायची आणि म्हणायचं, “बाबा, ही ओलांडा.” मगाशी न उचलणारं पाऊल मग बऱ्याचदा उचललं जातं. हे शिकायला मला बरेच दिवस लागले. मावशींना माझ्याआधी जमलं.

मावशींची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतर त्यांना मुलुंडहून बदलापूर लोकल पकडायची असते आणि घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. बायकोची बँकेतली बदली नाशिकला, ती शनिवार-रविवारी येते. म्हणजे पार्टीला मी थांबलो, तर खरी ओव्हरटाइम मावशींची. फॉर्ममध्ये त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

नाही म्हणण्याचंही एक तंत्र आहे. आमंत्रण आलं त्याच दिवशी सांगायचं. शुक्रवारी पाच वाजता सांगितलं की खरं कारणसुद्धा सबबीसारखं वाटतं. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ हे तर अजिबात नाही. आपल्याला तो नम्र नकार वाटतो, समोरचा त्याला होकार समजून ताट सांगतो. आणि आजाराचं वर्णन टाळायचं, नाहीतर केरळच्या तेलापासून कुणाच्या तरी मेहुण्याच्या होमिओपॅथीपर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. मी साहेबांना एवढंच लिहिलं:

‘सर, शुक्रवारी संध्याकाळी मला येता येणार नाही. वडील आजारी आहेत आणि रात्री आठनंतर त्यांच्याजवळ मीच असतो. टीमनं दुपारी केक कापायचा ठरवलं, तर मी नक्की आहे.’

साहेब स्वतःच जागेपाशी आले. “अरे, अर्धा तास तरी ये. तोंड दाखवून जा.”

हा अर्धा तास फार फसवा. ऐरोलीहून शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये पवईला पोचायचं, पहिलं सूप यायच्या आत डायरेक्टरांचं भाषण सुरू होणार आणि भाषण चालू असताना उठणार कोण? टाळ्या, ग्रुप फोटो, मग केक. त्यानंतर मुलुंड. साडेनऊच्या आत घरी पोचणं अशक्य. मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. “सर, आठला मला घरी असावंच लागतं,” हेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा नवं कारण जोडलं की पहिलं कच्चं ठरतं.

“पण मिसेस असतील ना घरी?”

हा प्रश्न पुरुषांनाच येतो, आणि तो येतो हे कळल्यावर बायकांना यापेक्षा किती प्रश्न येत असतील याचा अंदाज येतो. तान्ह्या बाळासाठी निघणारीला निदान समजून तरी घेतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं ही मुलांची जबाबदारी, असं सांगणारा कायदाही 2007 पासून आहे. मात्र त्यासाठी संध्याकाळी सहाला निघू द्या, असं तो ऑफिसला सांगत नाही.

“त्या नाशिकला असतात, सर,” मी म्हणालो. साहेब थोडे घुटमळले. “बरं, केकचं दुपारचं बघू,” म्हणून गेले. केक दुपारी कापला नाहीच. वर्गणीचे पाचशे मात्र माझ्याकडूनही घेतले, आणि मी दिले. पाचशेवरून वाद घालायला वेगळी हिंमत लागते.

सोमवारी अकाउंट्समधला एक जण चहाच्या मशीनपाशी हळूच म्हणाला, “तू नेमकं काय लिहिलं होतंस रे?” तो पार्टीत रात्री उशिरापर्यंत थांबला होता, सारखा फोन बघत. मी त्याला मजकूर पाठवला. दिवाळीच्या पार्टीचा मेल आला, तेव्हा त्यानं ‘वडील’ खोडून ‘आई’ घातलं, ‘आठ’चे ‘सात’ केले आणि त्याच दिवशी पाठवून दिला.