कीबोर्ड पुण्यात आणि टॅबलेट कोल्हापुरात: पावतीच्या पानाचा स्क्रीनशॉट

भाचीच्या कॉलेजप्रवेशाचा फॉर्म भरायला मी दादाकडे कोल्हापूरला गेले होते. सोबत माझा मायक्रोसॉफ्टचा सरफेस गो 2 टॅबलेट होता, विंडोज 11 असलेला. त्याचा कीबोर्ड लोहचुंबकाने चिकटतो आणि ओढला की सुटतो. निघायच्या घाईत तो पुण्यात टेबलावरच राहिला. फॉर्म भरायला त्याची अडचण आली नाही, पडद्यावरच्या कीबोर्डवर बोटाने टाइप करून सगळं झालं. अडचण आली फी भरल्यानंतर.

पैसे खात्यातून गेले, पण पावती तयार झाली नाही. पडद्यावर व्यवहाराचा लांबलचक क्रमांक, रक्कम आणि एक लाल ओळ होती. मदतकेंद्राला फोन केल्यावर पलीकडून सांगितलं, ‘या पानाचा स्क्रीनशॉट मेल करा. त्यात वेबसाइटचा पत्ता, क्रमांक, तारीख आणि वेळ स्पष्ट दिसू दे.’ पान रिफ्रेश करायचं नव्हतं, नाहीतर तो क्रमांक परत दिसेल याची खात्री नव्हती. सर्वात आधी भाचीने तिच्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवला. हे तिने अगदी योग्य केलं. पण त्या फोटोत ट्यूबलाइटचा पट्टा नेमका क्रमांकावर आला होता आणि पडद्यावर बारीक रेघांचं जाळं उमटलं होतं. तीन आणि आठ वेगळे ओळखू येत नव्हते. हाताशी पुरावा राहिला, पण मेलला जोडण्याजोगा नव्हता.

एरवी मी विंडोजची कळ आणि PrtScn एकत्र दाबते. कीबोर्डच नसल्यावर ते कुठून दाबणार? हात आपोआप मोबाइलच्या सवयीवर गेला. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं, तर टॅबलेट झोपी गेला. पडदा काळा झाल्यावर माझ्या छातीत धस्स झालं. पॉवर दाबून उठवला, पिन टाकला, पान जसंच्या तसं होतं. स्क्रीनशॉट मात्र निघाला नव्हता. पॉवरचं बटण एकटं दाबलं गेलं असंच टॅबलेटने धरलं आणि तो झोपला.

मग मी पडद्यावरच्या कीबोर्डमध्ये PrtScn शोधायला लागले. मजकुराच्या चौकटीला बोट लावलं की जो मोठ्या कळांचा कीबोर्ड वर येतो, त्यात ती कळ नाही. पण विंडोजमध्ये आणखी एक जुना कीबोर्ड आहे, पूर्ण कळांचा, खिडकीसारखा उघडणारा. तो सेटिंग्जमधल्या Accessibility मध्ये Keyboard खाली On-screen keyboard या नावाने मिळतो, किंवा स्टार्टमध्ये हे टाइप केलं की उघडतो:

```
osk
```

या कीबोर्डच्या उजव्या भागात PrtScn आहे. आधी विंडोजच्या खुणेची कळ टॅप करायची. ती दाबलेली राहते, म्हणून दोन बोटं एकदम लावावी लागत नाहीत. मग PrtScn टॅप करायची. मी तसं केलं आणि चित्र जतनही झालं. पण उघडून पाहिलं तर पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर कीबोर्डच पसरलेला, आणि माझा क्रमांक नेमका त्याच्या खाली. कीबोर्ड वर ओढला तर वरचा पत्ता झाकला जायचा. Fade नावाची एक कळ आहे, तिने कीबोर्ड पारदर्शक होतो, पण त्याची छाया चित्रात राहतेच. दहा इंचांच्या पडद्यावर हा उपाय पडद्याच्या छोट्याशा भागापुरताच चालतो. बटणंच बिघडली असतील तर मात्र हाही एक आधार आहे.

तेवढ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. तो आमच्याकडची सगळी यंत्रं सांभाळतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, पुढच्या बाजूला, काचेखाली विंडोजच्या खुणेचं बटण आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण. दोन्ही एकदम दाबा आणि लगेच सोडा. धरून ठेवू नका.’

हा प्रश्न त्याने का विचारला, ते मला नंतर समजलं. सरफेस प्रोच्या जुन्या टॅबलेटांवर, म्हणजे 2014 मध्ये आलेल्या सरफेस प्रो 3 पर्यंत, पडद्याच्या चौकटीतच विंडोजच्या खुणेचं बटण होतं. तिथे ते बटण धरून आवाज कमी करायचं बटण दाबलं की स्क्रीनशॉट निघतो. 2015 मधल्या सरफेस प्रो 4 पासून समोरचं बटणच गेलं आणि त्याबरोबर जोडीही बदलली: पॉवर आणि आवाज वाढवणं. जुन्या यंत्राची पद्धत नव्यावर लावली की फक्त आवाज कमी होत राहतो. माणसाला वाटतं आपलं बोट चुकतंय, आणि चुकत असते जोडी. दुसऱ्या कंपन्यांच्या सुट्या कीबोर्डवाल्या टॅबलेटांवर जोडी वेगळी असू शकते, म्हणून आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात ती आधी पाहून घ्यावी आणि महत्त्वाच्या पानावर प्रयोग करू नये.

माझ्या टॅबलेटवर पॉवर आणि आवाजाची बटणं आडव्या स्थितीत वरच्या कडेला, डाव्या टोकाशी आहेत. आवाजाचं बटण ही एकच लांब पट्टी आहे. तिचा कोणता भाग आवाज वाढवतो हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून आधी एकेक टोक दाबून पडद्यावरची आवाजाची रेघ कुठे सरकते ते पाहिलं. ही रेघ मिटेपर्यंत थांबणं गरजेचं आहे, नाहीतर तीच चित्रात येते. शिवाय माझं सिलिकॉनचं कव्हर त्या कडेवर घट्ट बसलेलं होतं. त्यावरून दाबलं की एक बटण आधी लागायचं आणि दुसरं मागून. मी कव्हर काढून बाजूला ठेवलं.

तरी मी थेट पावतीच्या पानावर गेले नाही. आधी मोकळ्या डेस्कटॉपवर तीनदा सराव केला. पहिल्यांदा आवाज वाढला, म्हणजे ते बटण आधी लागलं. दुसऱ्यांदा टॅबलेट झोपला, म्हणजे पॉवर आधी लागलं. तिसऱ्यांदा अंगठा आणि तर्जनी दोन्ही बटणांवर आधी नुसती टेकवली आणि मग एकाच दाबात दाबून सोडली. पडदा क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळला. स्क्रीनशॉट निघाल्याची हीच खूण. ती दिसली नाही तर चित्र निघालेलं नाही असं समजावं. मोबाइलसारखं कोपऱ्यात छोटं चित्र येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

सहकाऱ्याने ‘धरून ठेवू नका’ असं का सांगितलं, तेही सांगते. पॉवर जास्त वेळ दाबून ठेवलं की बंद करण्यासाठी खाली सरकवा असं सांगणारा पडदा येतो, आणि त्याहून जास्त वेळ धरलं तर टॅबलेट जबरदस्तीने बंद होतो. माझ्यासारखं न जतन झालेलं पान समोर असेल तर हे परवडणारं नाही.

पावतीच्या पानावर आल्यावर दोन गोष्टी केल्या. टाइप करायचा कीबोर्ड मिटवला. मग पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर सरकवून टास्कबार पूर्ण वर आणली, कारण कीबोर्ड सुटल्यावर विंडोज 11 ती पट्टी आकसून ठेवतं आणि मला तारीख आणि वेळ दोन्ही हवी होती. वर पत्ता, मध्ये क्रमांक, खाली घड्याळ. दोन्ही बटणं दाबली. पडदा मंद झाला, उजळला.

इथे एक गोष्ट लक्षात आली. एज ब्राउझरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत स्वतःचा Screenshot आहे आणि तो लांबलचक पान एकाच चित्रात घेतो. कीबोर्डशिवाय तो सोपाही आहे. पण त्यात फक्त पानाचा मजकूर येतो, वरची पत्त्याची पट्टी आणि खालचं घड्याळ येत नाही. मदतकेंद्राला तेच हवं होतं. म्हणून या कामासाठी बटणांचंच चित्र उपयोगाचं ठरलं. पान पडद्यापेक्षा लांब होतं, तर खाली सरकवून दुसरं चित्र काढलं आणि पहिल्या चित्रातल्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्यातही राहू दिल्या, म्हणजे दोन्ही एकाच पानाची आहेत हे दिसतं.

आता चित्र सापडायला हवं. ते Pictures मधल्या Screenshots फोल्डरमध्ये जातं, `Screenshot (4).png` अशा नावाने. माझ्याकडे ते तिथे नव्हतं. वनड्राइव्हने माझं Pictures फोल्डर आपल्याकडे घेतलं होतं, म्हणून चित्रं वनड्राइव्हच्या आतल्या Pictures मध्ये, त्यातल्या Screenshots मध्ये होती. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडच्या Pictures वर टॅप केलं की बहुधा थेट योग्य जागी पोचतो. नेट मंद असलं तरी काळजी नाही, फाइल आधी टॅबलेटवरच तयार होते आणि मग वर जाते. चित्र उघडून दोन बोटांनी मोठं केलं आणि भाचीने क्रमांक मोठ्याने वाचून दाखवला. ‘आत्या, आठ आहे बघ, तीन नाही.’ तिच्या फोटोतला आकडा तिने तीन लिहून ठेवला होता.

दोन्ही चित्रं मेलला जोडून पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पावती आली.

पुण्याला परतल्यावर मी स्निपिंग टूल टास्कबारवर पिन केलं. पडद्याचा तुकडाच हवा असेल तर ते बोटाने छान चालतं, आणि त्यात 3, 5 किंवा 10 सेकंदांनी चित्र काढायची सोय आहे. उघडा मेनू टिपायचा असेल तर ती लागते, कारण दुसरीकडे बोट लावताच मेनू मिटतो. बटणांना ही अडचण नाही, पडद्याला स्पर्शच होत नसल्याने मेनू उघडाच राहतो. काही व्हिडिओ मात्र कोणत्याही पद्धतीने काळेच येतात. त्यांना कॉपी-संरक्षण असतं, बटणांचा दोष नसतो. सिलिकॉनचं कव्हर मी बदललं, आता आहे त्यात बटणांच्या जागी मोकळी खाच आहे.