एक ओन्ली आणि दोन शनिवार

शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, त्यात भाषांतराचीबी कामं येतात. मागं एका पतसंस्थेची इंग्रजी नोटीस आली, मराठी-कन्नड करून द्या म्हणून. ओळ एवढीच: वुई ओन्ली अ‍ॅक्सेप्ट गोल्ड लोन इन्स्टॉलमेंट्स इन कॅश ऑन सॅटर्डेज.

मी मराठी केलं, "शनिवारी सोनेतारणाचे हप्ते रोखीतच घेतले जातील." शेजारच्या टेबलावर कन्नड करणाऱ्या पोरानं लिवलं "शनिवार मात्र", म्हणजे फक्त शनिवारी. दोन प्रूफ शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या नोटिसा! त्याच्या हिशेबानं बाकीचे दिवस हप्ता भरायचाच नाही, माझ्या हिशेबानं शनिवारी चेक चालत नाही. आणि तिसरा अर्थपण निघतोच की, शनिवारी सोनेतारण सोडून दुसऱ्या कर्जाचा हप्ता घेणार नाही.

चूक दोघांचीबी नव्हती. मराठीत 'च' आणि कन्नडात 'मात्र' शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळं कुठल्या शब्दाला चिकटवायचं ते आधी ठरवावंच लागतं. इंग्रजीतला ओन्ली क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो आणि पुढच्या कुठल्याबी शब्दावर उडी मारतो. बोलताना आपण कॅशवर जोर देतो म्हणून समजतं, कागदावर जोर कुठं दिसतोय.

मॅनेजर सरांना फोन लावला तर म्हणाले, "अहो रोखीतच हो, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद, चेक पाठवायचा कुठं? बाकीचे दिवस चेक आणा की." मग हळूच सांगितलं की आठवडाभर इंग्रजी नोटीसच लावलेली, खानापूरकडचे एक काका मंगळवारी रोख घेऊन आले आणि शिपायानं नोटीस दाखवून शनिवारी या म्हणून परत पाठवलं, आणि शनिवारी चेक घेऊन आलेल्या एक बाई काउंटरवर भांडून गेल्या.

इंग्रजी सुधारून द्या म्हणाले. मी पहिल्यांदा ओन्ली उचलून कॅशच्या मागं टाकला: इन कॅश ओन्ली ऑन सॅटर्डेज. आणि हे तर आणखी वाईट झालं, कारण आता तो मधे उभा राहून दोन्हीकडं बघायला लागला, कॅश ओन्ली का ओन्ली ऑन सॅटर्डेज? पोरगा हसायला लागला. कॅशच्या आधी ठेवला तरी मागचा सॅटर्डे त्याच्यात ओढला जातोच, फक्त शनिवारी रोखीत असं कुणीतरी वाचणारच. म्हणजे नुसता ओन्ली हलवून भागत नव्हतं, शनिवारच तिथनं उठवायला पाहिजे होता.

शेवटी असं केलं: ऑन सॅटर्डेज, वुई अ‍ॅक्सेप्ट गोल्ड लोन इन्स्टॉलमेंट्स इन कॅश ओन्ली. शनिवार पुढं गेला, ओन्ली शेवटी कॅशला लागून, त्याच्या पलीकडं पकडायला शब्दच उरला नाही. खाली एक ओळ जोडली, इतर दिवशी चेकही चालेल. मग पोराला विचारलं, "आता सांग, काय चालत नाही?" तो म्हणाला, "शनिवारी चेक." चहावाल्यालाबी वाचून दाखवलं, तोपण तेच म्हणाला, मग प्रिंट काढली.