तुम्ही विचारलंत म्हणून : पत्राचे तीन गुण

"मुलीची भाषा एवढी चांगली, शुद्धलेखनाची एक चूक नाही, मग पत्राला सहापैकी तीनच कसे दिले?"

भाषेचा एक गुण तिला पूर्ण दिलाय. उरलेले पाच भाषेचे नव्हतेच.

प्रश्न होता शाळेच्या वेळेनुसार एसटी सोडण्याची विनंती करणारं पत्र आगार व्यवस्थापकांना लिहा. तिच्या पत्रावर दिनांक नाही, आराखड्याच्या एका गुणातला अर्धा तिथे गेला. विषयात फक्त 'एसटी बसबाबत'. बसचं काय? तक्रार, पास की वेळ? विषय आणि मायना मिळून एक गुण होता. मायन्याचं 'महोदय' बरोबर होतं, म्हणून त्यातला अर्धा राहिला.

खरं नुकसान मजकुरात झालं. सुरुवात 'पहाटेच्या कोवळ्या उन्हात केळीच्या बागा डोलू लागतात' अशी. वाक्य सुरेख, पण निबंधातलं. सबंध मजकूर एकाच परिच्छेदात, आणि विनंती अकराव्या ओळीत. गावाचं नाव आहे, पण गाडी किती वाजता येते ते कुठेच नाही. तीन छोटे परिच्छेद पुरले असते: आम्ही कोण, कुठले, शाळा 10.40 ला भरते आणि गाडी थांब्यावर 10.55 ला येते. म्हणून ती 10 वाजता सोडावी. मजकुराच्या दोनातला एक दिला, तोही अडचण खरी वाटली म्हणून.

शेवटी 'गाडी सुरू करा, नाहीतर रास्ता रोको करू' आणि खाली 'आपली आज्ञाधारक'. धमकी आणि आज्ञाधारकपणा एकाच पत्रात! आज्ञाधारक मुख्याध्यापकांना लिहितात. आगाराला 'आपली विश्वासू'. सूर आणि समारोप मिळून एक गुण होता, तो पूर्ण गेला.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाला पाच मिळाले, आणि तुमचा राग तिथे आहे हे मला कळतं. त्याने 'टाईम बदलवून द्यावा' लिहिलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, म्हणून भाषेचा अर्धा कापला. पण दिनांक होता, विषय 'शाळेच्या वेळेनुसार बसची वेळ बदलण्याबाबत' होता, वेळा आकड्यांत होत्या. आगारातला कारकून ते पत्र वाचून लगेच वेळापत्रक काढेल.

पूर्वी मीही पत्र एका दमात वाचून, भाषा बघून एकच आकडा टाकायचो. त्या हिशेबाने तुमच्या मुलीला पाच आणि त्याला तीन पडले असते. तो हिशेब चूक होता असं मी आज म्हणतो, पण सुराच्या गुणाबद्दल माझी खात्री अजून होत नाही. त्या मुलानेही 'गाडी लवकर सोडा' असंच लिहिलं होतं. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराच्या तोंडी 'आपण सोडावी' सहज येत नाही, आणि त्याचं 'सोडा' उद्धट नसतं. तरी अर्धा कापला. धमकी वेगळी, हे सांगता येतं. पण तो अर्धा मी सुराचा कापला की घरच्या बोलीचा, हे त्या पेपरवर मला ठरवता आलं नाही.