यादीत वर दिसला तो नव्हे, खाली दडला तो

आमच्या डेस्कवर सकाळी नऊ ते सव्वानऊ कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. बाजार उघडण्याआधीच्या एनएसईच्या प्री-ओपनमध्ये साधारण 9:08 पर्यंत ऑर्डरी टाकता येतात, बदलता येतात, रद्दही करता येतात. म्हणून त्याआधीच्या आकड्यांवर मी जीव टाकत नाही. त्यानंतर भाव ठरला, सौदे जुळले, की व्हॉल्यूमचा खरा आकडा मिळतो. तो त्या शेअरच्या गेल्या वीस दिवसांच्या प्री-ओपनमधल्या सरासरीने भागायचा. दिवसभराच्या व्हॉल्यूमशी तुलना केली तर काहीच हाती लागत नाही.

त्या दिवशी या पटीनुसार लावलेल्या यादीत सर्वांत वर एक शेअर होता, साडेपाचपट. सरासरी 20,000, आज 1,10,000. शेजारचा नवा मुलगा खुर्चीतून उठलाच. “सर, हा बघा!”

“भाव किती हललाय?”

“अर्धा टक्कासुद्धा नाही.”

इतका माल हलतोय आणि भाव जागचा हलत नाही? कॉर्पोरेट अ‍ॅक्शनचं पान उघडलं. त्याच दिवशी स्प्लिट लागू झाला होता, दर्शनी मूल्य 10 वरून 2. एकाचे पाच शेअर झाले, पण आमच्या शीटमधली जुनी सरासरी तशीच राहिली होती. तिला पाचाने गुणलं की 1,00,000, म्हणजे पट उरली जेमतेम 1.1. रुपयांत पाहिलं तरी तेच: आधी रोज तीन कोटींच्या आसपास, आज सव्वातीन.

“मग आज काहीच नाही?” त्याचा चेहरा पडला.

मी मात्र यादी खाली सरकवत होतो. 1.8 पट दाखवणारा एक मिडकॅप, पण भाव 420 वरून 431. एवढ्या कमी पटीला अडीच टक्क्यांहून जास्त वाढ मला खटकली. वीस दिवस उलगडून पाहिले. एकोणीस दिवस दहा हजारांच्या आसपास आणि एका सोमवारी 8,10,000, कारण शनिवारी तिमाही निकाल आले होते. त्या एका दिवसाने सरासरी 50,000 वर नेऊन ठेवली होती. आजचे 90,000 तिच्यापुढे किरकोळच दिसणार. मध्यक घेतला तर नऊपट! आदल्या रात्री कंपनीने मोठी ऑर्डर मिळाल्याचं एक्स्चेंजला कळवलं होतं.

तरी सव्वानऊला लगेच उडी घेतली नाही. व्हॉल्यूम दिशा सांगत नाही, आणि बातमीवर वर उघडलेल्या शेअरमध्ये विकणारेही ताटकळलेले असतात. झालंही तसंच, पहिल्या काही मिनिटांत भाव 423 पर्यंत घसरला. पण 420 तुटलं नाही आणि खाली येताना व्हॉल्यूम आटत गेला, तेव्हा थोडा माल घेतला.

बाजार बंद झाल्यावर शीटमधलं सूत्र बदललं:

```
=X2/MEDIAN(D2:W2)
```

शेजारी स्प्लिट-बोनसच्या तारखांचा रकाना जोडला. तो रोज साडेआठला भरायचं काम त्या मुलाकडे दिलंय.