उंचीचा आणि साखरेचा हिशेब

लग्न जमवताना उंची विचारतात, पोलीस भरतीत फूटपट्टीखाली उभं करतात. मधुमेहाच्या तपासणीत मात्र तिचा उपयोग बीएमआयचं गणित सुटेपर्यंतच. खरं तर उंची स्वतःही काही सांगत असते.

जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये 1994 ते 1998 या काळात सत्तावीस हजारांहून जास्त प्रौढांची नोंद करून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. वय, राहणीमान, शिक्षण आणि कमरेचा घेर हिशेबात धरूनही, उंचीच्या दर 10 सेंटिमीटरमागे टाइप 2 मधुमेहाचा धोका पुरुषांत 41 आणि बायकांत 33 टक्के कमी दिसला. वजन आटोक्यात असलेल्यांत हा फरक आणखी ठळक होता. पोट सुटलं की उंचीचा फायदाही बराचसा गळतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

कारणांमध्ये मोठा वाटा यकृताचा दिसतो. उंच माणसांच्या यकृतात सरासरीने चरबी कमी साठते, आणि चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही. दुसरा धागा पायांचा. लहानपणी, वयात येण्याआधी, पाय धडापेक्षा भराभर वाढतात. त्या वर्षांत खाण्याची आबाळ झाली, आजारपणं मागे लागली की पाय आखूड राहतात. म्हणजे उंची ही बरीचशी बालपणाची पावती. तेव्हा प्रौढपणी लोंबकळण्याचे व्यायाम करून साखर कमी होईल ही आशा सोडलेली बरी!

पण सगळाच फरक शरीरातला नाही, थोडा तपासणीतलाही आहे. ग्लुकोज पाजून करतात त्या चाचणीत प्रत्येक प्रौढाला सरसकट 75 ग्रॅम ग्लुकोज देतात. 80 किलोच्या उंच पुरुषाला ते किलोमागे एक ग्रॅमही पडत नाही. 48 किलोच्या बुटक्या बाईला दीड ग्रॅमहून जास्त पडतं. तिच्याकडे साखर ओढून घेणारे स्नायूही कमी. मग दोन तासांनंतरचा आकडा तिचा चढा येणारच. गंमत म्हणजे लहान मुलांना हेच ग्लुकोज वजनाच्या हिशेबाने, किलोमागे पावणेदोन ग्रॅम देतात.

समजा, त्या 48 किलोच्या बाईची उपाशीपोटी साखर 92, दोन तासांनंतरची 146 आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी 5.5 आलं. 140 च्या वर गेल्यामुळे कागदावर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर, पण बाकीचे दोन आकडे ठाकठीक. त्या वरच्या सहा अंकांत मात्रेचा वाटा असू शकतो. म्हणून रिपोर्ट फेकून द्यायचा नाही. फक्त तिन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवायचे. सोबत हिमोग्लोबिनही सांगायचं, कारण लोह कमी असलं तर एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता काही दुर्मीळ नाही.